सुक्या मेव्याची पूड आणि वाटण

सुक्या मेव्याची पूड म्हणजे काजू, बदाम व पिस्ते कोरडे दळून तयार केलेले पीठ होय. हेच दाणे पाण्यात किंवा दुधात भिजवून वाटल्यास त्यास वाटण म्हणतात. काजू कतली, बदाम बर्फी, पिस्ता रोल यांसारख्या मिठायांचा पोत मुख्यत्वे या पुडीवर किंवा वाटणावर अवलंबून असतो. दळताना दाण्यांतील तेल बाहेर पडल्यास पूड चिकट व तेलकट होते आणि तिची मिठाई गुळगुळीत वळत नाही.

## तेल सुटण्याचे कारण

काजू, बदाम व पिस्ते यांच्या वजनाचा साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा कमी भाग तेलाचा असतो. हे तेल दाण्याच्या पेशींत अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात साठवलेले असते व प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनयुक्त पातळ आवरण असते. त्यामुळे अखंड दाणा हाताला कोरडा लागतो. पाते फिरू लागले की काही पेशी फुटतात. परंतु कण मोठे असेपर्यंत बहुतेक पेशी शाबूत राहतात व पूड मोकळी राहते. दळणे लांबत गेले की फुटलेल्या पेशींचे प्रमाण वाढते, मोकळे झालेले तेल कणांना एकमेकांशी चिकटवते आणि पुडीचा प्रथम गोळा व नंतर लोण्यासारखा लगदा होतो.

या क्रियेला उष्णतेची जोड मिळते. पात्याच्या घर्षणाने व मोटारीमुळे मिक्सरचे भांडे तापते, तेल पातळ होते आणि ते लवकर पसरते. त्यामुळे तेल सुटणे टाळण्यासाठी दळण्याचा वेळ व उष्णता या दोन्हींवर नियंत्रण ठेवावे लागते.

ओलाव्याचा परिणाम त्याच्या प्रमाणानुसार बदलतो. तिळाचे तेल काढताना घाण्यात थोडे पाणी शिंपडतात, कारण अल्प ओलाव्याने चोथा एकत्र येतो व तेल वेगळे होण्यास मदत होते. म्हणूनच दमट दाणे कोरडे दळण्यास अयोग्य ठरतात. याउलट पुरेसे पाणी असल्यास तेलाचे थेंब पाण्यात विखुरलेले राहतात व दुधासारखे एकजीव मिश्रण तयार होते. तेलकटपणा टाळण्याचे दोन मार्ग यातूनच निघतात: पूर्ण कोरडे व थोडा वेळ दळणे, किंवा भरपूर भिजवून वाटणे.

## कोरडी पूड

कोरडी पूड करण्याची रीत काजू कतलीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. यासाठी २५० ग्रॅम काजू, १५० ग्रॅम साखर व सुमारे ७५ मिलिलिटर पाणी घेतात. काजू न भाजता, खोलीच्या तापमानाला आणून वापरतात. भाजलेले काजू वापरायचे असल्यास ते पूर्ण निवू देणे आवश्यक असते.

काजूंचे तीन भाग करून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे दळतात. भांडे जेमतेम एक तृतीयांश भरलेले असावे, म्हणजे दाणे मोकळे उडतात व पात्याखाली दाबले जात नाहीत. मिक्सर सलग न फिरवता दोन-तीन सेकंद फिरवून थांबवतात, भांडे हलवतात आणि पुन्हा फिरवतात. असे पाच-सहा वेळा केल्यावर पूड मैद्याच्या चाळणीने चाळून घेतात. चाळणे हा या रीतीचा महत्त्वाचा टप्पा आहे. तयार झालेली पूड लगेच बाजूला काढली जाते आणि केवळ जाडसर कणच पुन्हा दळले जातात. सर्व कण एकसारखे बारीक होईपर्यंत एकाच वेळी दळत राहिल्यास बारीक झालेला भाग तेल सोडू लागतो.

शेवटी उरलेली कणी सर्वांत लवकर तेलकट होते. ती दळताना एकूण साखरेतील दोन चमचे साखर तिच्यासोबत घालतात व तेवढी साखर पाकातून कमी करतात. साखरेचे कण काजूच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात आणि थोडे तेल आपल्या पृष्ठभागावर धरतात. दूध पावडरचाही असाच उपयोग होतो. यानंतर उरलेल्या साखरेचा एकतारी पाक करून त्यात पूड मंद आचेवर घोटतात.

उन्हाळ्यात काही जण दाणे थोडा वेळ शीतकपाटात ठेवतात. थंड तेल घट्ट असल्याने त्याचा लाभ होतो. परंतु दमट हवेत, विशेषतः कोकणातील पावसाळ्यात, थंड दाण्यांवर बाष्प साचून ते ओलसर होतात. अशा वेळी दाणे थंड न करता दळणे योग्य ठरते.

## बदाम व पिस्ते

बदाम सोलण्यासाठी ते एक-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवतात. त्यामुळे त्यांत पाणी मुरते. कोरडी पूड करायची असल्यास सोललेले बदाम कापडावर पसरून रात्रभर वाळवतात. मोडल्यावर दाणा लवचीक न वाटता कट् असा आवाज होऊन तुटला, तर तो पुरेसा वाळला असे समजतात. बदाम काजूपेक्षा कठीण असल्याने आधी त्याचे काप केल्यास मिक्सर कमी वेळ फिरवावा लागतो. हाताने फिरवायच्या सुक्या मेव्याच्या किसणीत दाणे चिरडले न जाता त्यांचे पातळ पापुद्रे निघतात, म्हणून तीत तेल कमी सुटते. खलबत्त्यात मात्र दाणे दाबले जात असल्याने तेल लवकर दिसते.

पिस्ते बिनमिठाचे घेतात. त्यांचीही साल गरम पाण्याने निघते, परंतु हिरवा रंग उष्णतेने फिका पडत असल्याने ते पाण्यात फार वेळ ठेवत नाहीत आणि उन्हाऐवजी सावलीत वाळवतात.

## ओले वाटण

मोठ्या प्रमाणावर काजू कतली करणारे अनेक हलवाई काजू काही तास भिजवून, पाणी निथळून त्यांचे मऊ वाटण करतात व ते साखरेसह आटवतात. यात तेल सुटण्याची भीती कमी असते, मात्र जादा पाणी आटवण्यास वेळ लागतो. युरोपातही हे तत्त्व जुने आहे. अठराव्या शतकातील इंग्रजी पाकपुस्तकांत बदाम कुटताना तेल सुटू नये म्हणून अधूनमधून गुलाबपाणी घालण्याची सूचना आढळते. पोर्तुगीज परंपरेतून गोव्यात आलेले मार्झिपान बदामाऐवजी बहुधा काजूचे करतात.

## दोष व उपाय

पूड भांड्याच्या कडेला थापली जाणे, पात्याखाली गोळा होणे व मिक्सरचा आवाज जड होणे ही तेल सुटू लागल्याची पहिली लक्षणे होत. मूठभर पूड हलकेच दाबावी. बोट लावताच मूठ फुटली तर पूड योग्य आहे. ती कणकेसारखी घट्ट राहिली व तळहात चकाकला, तर तेल सुटले आहे.

किंचित तेलकट झालेली पूड पसरून थंड करून दूध पावडर मिसळल्यास वापरता येते. लगद्याची पुन्हा पूड होत नाही. थंड केल्यास तो केवळ कडक होतो, कारण फुटलेल्या पेशी पुन्हा जुळत नाहीत. असा लगदा रस्साभाजीत किंवा लाडवांत वापरतात.

पूड चांगली असूनही पाकात फार वेळ घोटल्यास किंवा गोळा अति मळल्यास कतलीला तेल सुटते व कडा चिरतात. अशा गोळ्यात चमचाभर कोमट दूध घालून हलक्या हाताने मळल्यास तो बहुधा पुन्हा सांधला जातो.