दुखणं थांबतं, खांदा मात्र बरा झालेला नसतो

चढाई करून परतणारा अठरा वर्षांचा कबड्डीपटू मध्यरेषेकडे हात लांबवतो आणि नेमका तोच हात मागून खेचला जातो. खांद्याची गोलाई एकदम सपाट दिसू लागते, दंडाच्या हाडाचा गोळा पुढे सरकलेला असतो. खांदा निखळण्याचे बहुतेक प्रकार असेच, पुढच्या बाजूला होतात.

अशा वेळी मैदानावरच हात ओढून तो बसवण्याचा उत्साह कुणी दाखवू नये. हात आहे तसा झोळीत ठेवून रुग्णालय गाठावं. तिथे डॉक्टर आधी एक्स-रे काढून हाड मोडलेलं नाही ना ते बघतात, दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर बोट फिरवून स्पर्श कळतो का ते विचारतात, कारण तिथली नस ताणली गेलेली असू शकते. सांधा बसवल्यावर पुन्हा एक्स-रे काढतात.

एक ते तीन आठवडे झोळी. त्यापेक्षा जास्त दिवस बांधून ठेवल्याने खांदा पुन्हा निखळण्याचा धोका कमी होत नाही, आखडतो मात्र नक्की. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे.

खरी गफलत होते ती यानंतर. तिसऱ्या आठवड्यात दुखणं ओसरतं, पोरगा शर्ट सहज घालतो आणि घरच्यांना वाटतं, झालं! पण खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. तिच्या कडेला कुर्च्येची एक गादी असते. पहिल्याच झटक्यात ती पुढून फाटते आणि तरुणांमध्ये बहुतेक वेळा नीट जागेवर चिकटत नाही. म्हणूनच वय जितकं कमी, तितका धोका जास्त. पंधरा ते पस्तीस वयोगटातल्या रुग्णांच्या एका स्कॉटिश अभ्यासात निम्म्याहून जास्त जणांचा खांदा दोन वर्षांत पुन्हा अस्थिर झाला होता.

त्यामुळे साधारण सहा आठवडे हात वर नेऊन बाहेर वळवायचा नाही. चेंडू फेकताना असतो तशी ही स्थिती सर्वांत धोक्याची. मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली रबर बँडने खांद्याभोवतीचे आणि पाठीच्या फऱ्याचे स्नायू बळकट करायचे. मैदानात परतायला तीन-चार महिने लागू शकतात. तारखेपेक्षा कसोटी महत्त्वाची: दोन्ही हातांची ताकद सारखी हवी, आणि त्या धोक्याच्या स्थितीत हात नेल्यावर ‘आता निसटेल’ अशी भीती वाटता कामा नये. ती वाटत असेल, तर व्यायाम अजून पुरा झालेला नाही किंवा गादी फाटलेलीच आहे.

कबड्डी, कुस्तीसारख्या अंगलटीच्या खेळात असलेल्या विशीच्या आतल्या मुलांसाठी डॉक्टर पहिल्याच वेळी एमआरआय करून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार सुचवतात. गादी हाडाला पुन्हा टाचली जाते आणि धोका बराच घटतो, संपत मात्र नाही. शिवाय वेळ द्यावाच लागतो. मार्च 2021 मध्ये पुण्यात इंग्लंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना मुंबईकर श्रेयस अय्यरचा डावा खांदा अर्धवट निखळला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि आयपीएलमध्ये तो परतला थेट सप्टेंबरमध्ये.