कंपनी कॅनडाची, पैसा बेल्जियमचा

आपला एखादा माणूस परमुलखात व्यापाराला गेला आणि तिथल्या सरकारने त्याची पेढी बेकायदा जप्त केली, तर त्याने दाद कुठे मागावी? पहिले उत्तर सरळ आहे. त्याने त्याच देशाच्या कोर्टात जावे, आणि शेवटच्या कोर्टापर्यंत जावे. तिथेही न्याय मिळाला नाही, तरच त्याला आपल्या सरकारचे दार ठोठावता येते. मग त्याचे सरकार ते भांडण स्वतःचे म्हणून उचलते. याला राजनैतिक संरक्षण म्हणतात.

‘स्वतःचे म्हणून’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. माव्रोमातिस नावाच्या ग्रीक माणसाच्या पॅलेस्टाइनमधील सवलतींच्या प्रकरणात 1924 साली हेगच्या न्यायालयाने हेच सांगितले, की असा दावा लावणारे राज्य माणसाची वकिली करत नसते, ते स्वतःचा हक्क मांडत असते. त्यामुळे दावा लावायचा की नाही, मध्येच सोडून द्यायचा की तडजोड करायची, हे सारे सरकारच्या मर्जीवर. माणसाला त्यात सांगण्याचा अधिकार नाही. आणि दावा लावणाऱ्या राज्याला एक गोष्ट सिद्ध करावीच लागते, ती म्हणजे हा माणूस आमचा नागरिक आहे. नुकसान झाले त्या दिवशीही होता आणि दावा दाखल झाला त्या दिवशीही आहे. अन्याय झाल्यावर एखाद्या बलाढ्य देशाचे नागरिकत्व घ्यावे आणि त्याच्या जोरावर भांडावे, ही वाट त्यामुळे बंद होते.

माणसाचे नागरिकत्व समजायला फार अवघड नसते. पण कंपनीचे काय? तिला ना जन्मगाव, ना आईबाप. तिचे भागधारक चार देशांत विखुरलेले असतात. यावर आजही जो निवाडा प्रमाण मानला जातो, तो बार्सिलोना ट्रॅक्शन कंपनीच्या खटल्याचा.

ही कंपनी 1911 साली कॅनडात टोरंटो येथे नोंदली गेली. तिचा धंदा मात्र स्पेनमध्ये होता. कातालोनिया प्रांतात वीज तयार करायची आणि पुरवायची, तीही स्वतः नव्हे, तर हाताखालच्या पोटकंपन्यांमार्फत. पहिल्या महायुद्धानंतर तिचे बरेचसे शेअर बेल्जियमच्या लोकांकडे गेले, असे बेल्जियमचे म्हणणे. म्हणजे कागद कॅनडाचा, तारा स्पेनच्या आणि पैसा बेल्जियमचा.

कंपनीने कर्जरोखे काढले होते, त्यांतले बहुतेक इंग्रजी पौंडांत. 1936 साली स्पेनमध्ये यादवी पेटली आणि व्याज थांबले. यादवी संपल्यावर पेसेटांतले व्याज सुरू झाले, पण पौंडांतले सुरू होईना, कारण त्यासाठी लागणारे परकीय चलन बाहेर नेण्यास स्पेनचे अधिकारी परवानगी देत नव्हते. मग 1948 साली तीन स्पॅनिश गृहस्थांनी, ज्यांनी ते पौंडांचे रोखे नुकतेच विकत घेतले होते, रेउस नावाच्या गावातील कोर्टात अर्ज केला, की व्याज थकले आहे, सबब कंपनीचे दिवाळे निघाले असे जाहीर करा. 12 फेब्रुवारीला कोर्टाने तसे जाहीर केले. कंपनीला कोर्टाची नोटीस मिळालेली नव्हती, तिच्या वतीने कोणी हजरही नव्हते. निकालाविरुद्ध हरकत घेण्याची मुदत होती निकाल प्रसिद्ध झाल्यापासून आठ दिवसांची! टोरंटोतल्या कंपनीने स्पेनच्या कोर्टात पहिले पाऊल टाकले ते जूनमध्ये. तोवर मालमत्ता ताब्यात गेली होती. पुढे पोटकंपन्यांचे नवे शेअर छापले गेले आणि 1952 साली ते लिलावात एका नव्या स्पॅनिश कंपनीने घेतले. चालू वीजकंपनी अशी हातोहात दुसऱ्याची झाली.

कॅनडाने निषेधाची पत्रे पाठवली, पण काही वर्षांनी हात आखडता घेतला. बेल्जियमने 1958 साली हेगला दावा लावला, वाटाघाटींसाठी 1961 मध्ये मागे घेतला, आणि 1962 मध्ये पुन्हा लावला. निकाल लागला 5 फेब्रुवारी 1970 रोजी. पंधरा विरुद्ध एक मताने बेल्जियमचा दावा फेटाळला गेला. स्पेनने अन्याय केला की नाही, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही. बेल्जियमला हा दावा लावण्याचा अधिकारच नाही, एवढ्यावर प्रकरण संपले.

कारण असे. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे. घाव कंपनीवर बसला की भागधारकाच्या खिशाला झळ लागते, हे न्यायालयाला मान्य होते. पण झळ लागणे वेगळे आणि हक्क मोडणे वेगळे. भागधारकाचे स्वतःचे हक्क म्हणजे जाहीर झालेला लाभांश घेणे, सभेला जाऊन मत देणे, कंपनी मोडल्यावर उरलेल्यात वाटा घेणे. यांवरच हात पडला तर त्याचे राज्य बोलू शकते. एरवी बोलायचे ते कंपनी जिथे नोंदली आहे त्या राज्याने. भागधारकांच्या राज्यांनाही दार उघडले, तर शेअर रोज हात बदलत असताना किती सरकारे एकाच नुकसानीसाठी रांगेत उभी राहतील, ही न्यायालयाची चिंता होती. शिवाय कर वगैरेंच्या सोयीसाठी संस्थापक परक्या देशात नोंदणी करतात, तेव्हा त्या निवडीबरोबर येणारी जोखीमही त्यांनी पत्करलेली असते.

मला हा युक्तिवाद पटतो, आणि त्याचे कारण माझ्या धंद्यातले आहे. कारखाना बंद पडला की थकलेल्या पगारासाठी कामगार भागधारकांकडे बोट दाखवतो, तेव्हा त्याला सांगतात की देणे कंपनीचे, भागधारकांचा काही संबंध नाही. हा पडदा कर्ज फेडताना ओढायचा आणि भरपाई मागताना बाजूला सारायचा, हे कसे चालेल? बेल्जियमच्या लहान भागधारकांचे नुकसान खरे होते, हे मात्र नाकारता येत नाही. त्यांना हेगहून काहीही मिळाले नाही.

न्यायालयाने दोन फटी ठेवल्या होत्या. कंपनीच कायद्याने अस्तित्वात नसली, किंवा तिच्या राज्याला दावा लावण्याची क्षमताच नसली, तर गोष्ट वेगळी. इथे कंपनी टोरंटोत कागदावर जिवंत होती आणि कॅनडाला दावा लावता आला असता. लावला नाही, हा कॅनडाचा प्रश्न! गिनीचे नागरिक दियालो यांना 1996 साली काँगोने हाकलले, तेव्हा त्यांच्या दोन काँगोलीज कंपन्यांच्या नुकसानीबद्दल गिनीला बोलू द्यावे, ही मागणीही 2007 मध्ये नाकारली गेली. 2012 मध्ये भरपाई ठरली ती त्यांच्या स्वतःच्या अटकेची, हकालपट्टीची आणि घरातल्या वस्तूंची, एकूण 95,000 डॉलर.

भांडवलदारांनी मग दुसरी वाट धरली. दोन राज्यांनी करार करायचा, त्यात शेअरलाही ‘गुंतवणूक’ म्हणायचे, आणि भागधारकाने आपल्या सरकारला न विचारता थेट लवादाकडे जायचे. याचे उदाहरण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. दाभोळ पॉवर कंपनी भारतात नोंदलेली. बार्सिलोनाच्या नियमाने पाहिले, तर भारत सरकारविरुद्ध तिच्यासाठी परक्या राज्याला बोलायला जागा नव्हती. पण अमेरिकेच्या बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांचे पैसे मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत आले होते, आणि मॉरिशसशी भारताचा तसा करार होता. 2003 साली त्याच कराराच्या आधारे लवाद सुरू झाला आणि 2005 साली तडजोडीने मिटला. पुढे 2016 पासून भारत सरकारने असे बहुतेक जुने करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. करार संपला की नव्या गुंतवणुकीपुरता पुन्हा 1970 चाच नियम उरतो.