फोटोतलं ड्रॉईंग उतरवताना

शाफ्टचं ड्रॉईंग हल्ली अनेकदा मोबाईलवर फोटो म्हणून येतं. ते उतरवताना आधी टायटल ब्लॉक घ्यावा. तो बहुतेकदा खालच्या उजव्या कोपऱ्यात असतो आणि त्यात ड्रॉईंग नंबर, मटेरियल, रिव्हिजन नोंदलेले असतात. मापं मिलिमीटरमध्ये आहेत हेही तिथेच एकदा सांगितलेलं असतं, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे एकक नसतं. रिव्हिजनचं अक्षर चुकलं, तर बाकी अचूक लिहूनही जुनाच भाग तयार होतो.

आता एक माप पाहू: Ø25 h7. इथलं h लहान आहे. म्हणजे शाफ्टचा व्यास 25.000 ते 24.979 मिमी चालेल. तेच H मोठं लिहिलं, तर ते भोकाचं टॉलरन्स होतं, 25.000 ते 25.021. असा जाड शाफ्ट H7 च्या भोकात सरकण्याऐवजी अडकू शकतो.

काही ड्रॉईंगवर हेच वर 0 आणि खाली -0.021 असं बारीक अक्षरात असतं. धूसर फोटोत उणे चिन्ह सहज पुसलं जातं. पण वरची मर्यादा नेहमी खालच्यापेक्षा मोठी असते. त्यामुळे वर 0 आणि खाली नुसतं 0.021 दिसलं, तर चिन्ह हरवलंय हे ओळखावं.

टॉलरन्स न लिहिलेल्या मापांना टायटल ब्लॉकजवळची टीप लागू होते. ती ISO 2768-m असेल, तर 80 मिमी लांबीला ±0.3 मिमी मिळतात. फोटोवर पट्टी लावून मात्र माप काढू नये, कारण तिरक्या फोटोत प्रमाण बिघडतं. न वाचलेला आकडा रिकामा ठेवून, तेवढ्याच भागाचा सरळ, जवळून काढलेला फोटो मागवावा.