पाचाच्या पटीतला भाव

दिवाळीच्या फराळाचे दरपत्रक करायला बसले की हिशोबाने येणारे आकडे क्वचितच सरळ असतात. साहित्य, गॅस, मजुरी आणि पाकिटाचा खर्च धरून त्यावर नफा चढवला की करंजीचे पाकीट साडेएकतीस वर एकशे, शंकरपाळीचे एकसष्ट, असे काहीतरी निघते. एकसष्ट रुपयांचे पाकीट प्रदर्शनातल्या टेबलावर विकायला ठेवले, तर दर दुसऱ्या गिऱ्हाइकाला चार रुपये परत करायचे आणि नाण्यांसाठी शेजारच्या स्टॉलवर धावायचे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पन्नास पैशाचे नाणे कायद्याने चालते, पण बाजारात कोणी घेत नाही. फोनवरून पैसे देणाऱ्याला एकसष्ट काय आणि पासष्ट काय, सारखेच. रोखीच्या व्यवहारात मात्र भाव पाचाच्या पटीत असला की गल्ला सांभाळणे सोपे जाते.

म्हणून भाव पुढच्या पाचावर नेण्याची पद्धत पडली. वस्तू पाच-सहा असतील तर हे मनातल्या मनात होते. यादी साठ-सत्तर वस्तूंची झाली आणि तूप-बेसनाचे दर दर महिन्याला बदलू लागले की एक्सेल किंवा गुगल शीट्स लागते. तिथे या कामासाठी दोन सूत्रे हाताशी येतात, CEILING आणि MROUND. दोन्हींची मांडणी एकसारखी आहे. आधी भावाचा रकाना सांगायचा, मग पाच. त्यामुळे दोन्ही एकच काम करतात असा समज सहज होतो. प्रत्यक्षात CEILING आकडा नेहमी वर नेते. MROUND जवळच्या पाचावर नेते, मग तो पाच वरचा असो की खालचा.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, एका बचत गटाने पाव किलोच्या पाकिटांचा खर्च काढला आणि त्यावर पंचवीस टक्के नफा धरला. A रकान्यात वस्तूचे नाव, B मध्ये खर्च, C मध्ये नफ्यासह हिशोबी भाव, D मध्ये CEILING आणि E मध्ये MROUND. दुसऱ्या ओळीत ही तीन सूत्रे लिहायची:

```
C2:  =B2*1.25
D2:  =CEILING(C2,5)
E2:  =MROUND(C2,5)
```

मग हे तिन्ही चौकोन निवडून उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढला की सगळ्या वस्तूंचे भाव भरले जातात. ते असे दिसतात:

| वस्तू | खर्च | हिशोबी भाव | CEILING | MROUND |
|---|---|---|---|---|
| चकली | ६६.४० | ८३.०० | ८५ | ८५ |
| शंकरपाळी | ४८.८० | ६१.०० | ६५ | ६० |
| चिवडा | ५३.६० | ६७.०० | ७० | ६५ |
| बेसन लाडू | ९२.०० | ११५.०० | ११५ | ११५ |
| करंजी | १०५.२० | १३१.५० | १३५ | १३० |
| अनारसे | ११८.८० | १४८.५० | १५० | १५० |

लाडवाचा भाव मुळातच पाचाच्या पटीत होता, म्हणून दोन्ही सूत्रांनी त्याला हात लावला नाही. चकली आणि अनारसे दोन्हीकडे सारखेच वर गेले, कारण वरचा पाचच त्यांना जवळ होता. फरक पडला तो शंकरपाळी, चिवडा आणि करंजीत. पूर्ण रुपयांत भाव असेल तर नियम असा, की पाचाच्या पटीपेक्षा एक किंवा दोन रुपये जास्त असले तर MROUND खाली उतरवते आणि तीन किंवा चार जास्त असले तर वर चढवते. बरोबर अडीच रुपये जास्त असतील तर वर जाते. CEILING ला एक पैसा जास्त असला तरी पुरतो.

आता बेरजा करून पाहा. सहा पाकिटांचा हिशोबी भाव ६०६ रुपये होतो. CEILING ने तो ६२० होतो, MROUND ने ६०५. म्हणजे MROUND ने एकीकडे सोडलेले दुसरीकडे जवळजवळ भरून काढले, तर CEILING चे चौदा रुपये गिऱ्हाइकाच्या खिशातून आले. यावरून MROUND न्यायाचे वाटेल. पण ही भरपाई सगळ्या वस्तू सारख्याच खपल्या तरच होते. चिवडा सगळ्यांत जास्त जात असेल, तर प्रत्येक पाकिटामागे दोन रुपये सुटतात. त्या पाकिटावरचा सगळा नफाच मुळी १३ रुपये ४० पैसे. त्यातले दोन गेले म्हणजे जवळपास पंधरा टक्के नफा सूत्राने परस्पर उडवला, आणि वर्षाच्या शेवटी हात का तंग राहिला ते कोणाच्या लक्षात येत नाही. नफा बारीक असेल आणि भाव खर्चाखाली ओढला जाणे परवडत नसेल, तर CEILING च वापरावे.

MROUND लाच वर जायला लावण्याची एक युक्ती काही जण करतात. आकड्यात आधीच अडीच मिळवायचे, म्हणजे जवळचा पाच आपोआप वरचा होतो. शंकरपाळीला ती लागू पडते, ६१ चे ६३.५० होऊन उत्तर ६५ येते. लाडवाला मात्र नाही. ११५ मध्ये अडीच मिळवले की ११७.५० होतात, ते बरोबर मध्यावर असल्याने १२० वर जातात, आणि ज्या भावाला काहीच करायचे नव्हते तो पाच रुपयांनी वाढतो. वरच जायचे असेल तर त्यासाठी CEILING आहे, तेच घ्यावे.

तरी CEILING चीही एक खोड आहे, आणि ती पडद्यावर दिसत नाही. समजा, बेसनाचा दर किंचित वाढला आणि लाडवाचा खर्च ९२.१६ झाला. हिशोबी भाव ११५.२० येतो. पैसे नकोत म्हणून C रकान्यातले दशांश लपवले असतील, तर तिथे ११५ दिसतात आणि शेजारी D मध्ये १२०. पाहणाऱ्याला वाटते सूत्र चुकले. सूत्र बरोबर आहे. दशांश लपवल्याने आकडा फक्त दिसायला बदलतो, आत वीस पैसे तसेच राहतात, आणि CEILING आतला आकडा पाहते. वीस पैशांसाठी पाच रुपये चढवायचे नसतील तर आधी आकडा पूर्ण रुपयात आणावा, मग वर न्यावा:

```
=CEILING(ROUND(C2,0),5)
```

आता ११५.२० चे ११५ होतात आणि तिथेच थांबतात. पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर ११६ होऊन १२० वर जातात. ROUND चा दुसरा एक फायदा आहे. संगणक आकडे द्विमान पद्धतीने साठवतो, आणि १.१ सारखा साधा आकडाही त्याला तंतोतंत साठवता येत नाही. त्यामुळे ५० गुणिले १.१ केले की उत्तराच्या शेवटी, दशांशचिन्हानंतर कुठेतरी चौदाव्या जागी, एक बारीक शेपूट राहू शकते. ५५ च्या मागे ते राहिले तर भाव ६० वर जाण्याचा धोका असतो. काही प्रोग्रॅम हे शेपूट स्वतःच कापतात, पण त्यावर विसंबू नये. पैशांचा हिशोब ठेवायचा असेल तर शून्याच्या जागी २ लिहावे, शेपूट तेवढ्यानेही जाते.

भाव वर नेण्याची जागाही महत्त्वाची असते. जीएसटी लावणाऱ्या विक्रेत्याने कर लावण्याआधी भाव पाचावर आणला, तर सगळी मेहनत वाया जाते. ९५ रुपयांवर पाच टक्के कर चढला की ९९.७५ होतात आणि पुन्हा पैसे उरतात. आधी कर मिळवावा, मग CEILING लावावे, म्हणजे गिऱ्हाइकाला १०० सांगता येतात. बिलावर मूळ किंमत दाखवायची तर १०० ला १.०५ ने भागून ९५.२४ काढावी.

दुसऱ्या कंपनीचा बंद माल विकणाऱ्याला आणखी एक मर्यादा पाळावी लागते. पाकिटावर छापलेली एमआरपी सर्व करांसह असते आणि तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पापडाचे पाकीट ३७ रुपयांना घेतले, त्यावर पंचवीस टक्के धरले की ४६.२५ होतात, CEILING ने ५०. पाकिटावर ४८ छापले असतील तर ५० घेणे बेकायदा ठरते. सूत्राला हे माहीत नसते, म्हणून एमआरपीचा वेगळा रकाना ठेवावा, समजा F, आणि दोन्हींतला लहान आकडा घ्यावा:

```
=MIN(CEILING(C2,5),F2)
```

भाव ४८ च राहतो, पाचाच्या पटीत बसत नाही, पण तिथे इलाज नाही. स्वस्त वस्तूंना तर पाचाची पायरीच फार उंच पडते. अकरा रुपयांचा राजगिऱ्याचा लाडू पंधराला गेला की भाव छत्तीस टक्क्यांनी वाढतो, आणि गिऱ्हाईक ते लगेच ओळखते. वीस रुपयांच्या आतल्या मालाला पाच ऐवजी एक रुपयाची पायरी ठेवावी, म्हणजे सूत्रातल्या ५ च्या जागी १. घाऊक ऑर्डरलाही हेच पाहावे लागते. शंकरपाळीची चाळीस पाकिटे ६५ च्या दराने २६०० ची होतात, हिशोबी भावाने २४४० ची. एकदम चाळीस घेणारा हे १६० रुपये मोजून पाहतोच. त्याच्यासाठी नगावर नव्हे, एकूण रकमेवर CEILING लावावे. २४४० पाचाच्या पटीतच असल्याने इथे तर काहीच वाढत नाही.

यादी तयार झाली की एका मोकळ्या रकान्यात `=D2-C2` लिहून खाली ओढावे. सगळे आकडे शून्य ते पाचाच्या आत असले पाहिजेत. उणे आकडा दिसला तर तिथे MROUND राहिले आहे, किंवा ROUND ने सोडलेले काही पैसे आहेत, किंवा एमआरपीची मर्यादा लागली आहे. पाच किंवा जास्त दिसले तर कुणीतरी सूत्र पुसून हाताने भाव टाकलेला असतो. #VALUE! आले तर खर्चाच्या रकान्यात आकड्यासोबत "रु." टाइप झाले असण्याची शक्यता जास्त.

आणि C रकाना कधीही पुसू नये. पुढच्या वर्षी दहा टक्के वाढ करायची असेल तर ती हिशोबी भावावर करावी. शंकरपाळीचे ६१ वाढून ६७.१० होतात आणि ७० ला जातात. तीच वाढ ६५ वर केली तर ७१.५० होऊन भाव ७५ होतो. आधीच्या वर्षी वर चढवलेले चार रुपये यंदाच्या वाढीत पुन्हा मोजले गेले. असे दोन-तीन हंगाम झाले की पाकिटाचा भाव कशावरून ठरला हे गटातल्या कोणालाच सांगता येत नाही. छापायला जाईल तो D रकाना, आणि दर ठरवायला बसताना समोर असावेत ते B आणि C.