दोघांची उंची ८८, मग खूण एकाच्याच नावापुढे का?

समजा, लाखनीतल्या एका घरात जुळी भावंडे आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा. तीन वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी अंगणवाडीत दोघांची उंची मोजली. दोघेही ८८ सेंटिमीटर भरले. मुलीची नोंद ठीक आणि मुलाच्या नावापुढे मात्र खुजेपणाची खूण. दादी म्हणेल, "अंगणवाडीच्या ताईंचंच काही तरी चुकलं असेल." पण ताईंचे चुकलेले नाही. ही खूण सेंटिमीटरवर नव्हे, तर झेड-स्कोअरवर ठरते.

अंगणवाडीत मुलांची वाढ ज्या मापाशी ताडून पाहतात, ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केले. त्यासाठी दिल्ली, मस्कत, आक्रा, ऑस्लो, ब्राझीलमधील पेलोटास आणि अमेरिकेतील डेव्हिस या सहा ठिकाणची मुले मोजली होती. आईचे दूध, पुरेसा आहार, वेळेवर उपचार, घरात धूम्रपान न करणारी आई, अशी ही मुले होती. पोषण नीट मिळाले की सहाही ठिकाणची लहान मुले जवळजवळ सारखीच उंच होतात, असे त्यात दिसले.

अशा एकाच वयाच्या पुष्कळ मुलींची उंची कागदावर मांडली, तर घंटेसारखा आकार तयार होतो. मधोमध गर्दी असते आणि दोन्ही कडांना ती विरळ होत जाते. तीन वर्षांच्या मुलींची घंटा ९५.१ सेंटिमीटरवर सर्वांत उंच असते. ती किती पसरलेली आहे हे सांगणारे माप म्हणजे प्रमाण विचलन. इथे ते ३.८ सेंटिमीटर आहे. मधल्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना एक विचलन गेलो, तर त्या पट्ट्यात १०० पैकी सुमारे ६८ मुली येतात. दोन विचलने गेलो तर सुमारे ९५ येतात. उरलेल्या जवळपास पाच मुली दोन्ही टोकांच्या छायांकित शेपटांत, निम्म्या खूप उंच, निम्म्या खूप ठेंगण्या.

झेड-स्कोअर म्हणजे आपले मूल मधल्या बिंदूपासून किती विचलने दूर उभे आहे, तो आकडा. आपल्या मुलीची उंची ९५.१ पेक्षा ७.१ ने कमी आहे. त्याला ३.८ ने भागले की उणे १.८७ येते. मुलांची घंटा वेगळी आहे. तिचा मध्य ९६.१ आणि विचलन ३.७. मुलाची उंची ८.१ ने कमी, म्हणून त्याचा स्कोअर उणे २.१९. रेषा उणे २ वर आहे. मुलगी तिच्या आत राहिली आणि मुलगा बाहेर गेला.

पण मुलाची उंची प्रत्यक्षात ८९ असती, तर स्कोअर उणे १.९२ झाला असता आणि खूण लागलीच नसती. डोक्यावरची टोपी, केसांचा अंबाडा, उचललेल्या टाचा, वाकलेले गुडघे, यांनी एक सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतो. जन्मतारीख अंदाजाने सांगितली, तरीही तसेच होते, कारण या वयात मूल दोन महिन्यांत एक सेंटिमीटरहून जास्त वाढते. म्हणून रेषेजवळच्या मुलाची उंची अनवाणी, भिंतीला टेकवून दुसऱ्यांदा मोजायला सांगावी आणि जन्माचा दाखला सोबत न्यावा.

आता डावीकडच्या शेपटाकडे पाहू. नीट पोसलेल्या मुलांत उणे २ च्या खाली १०० पैकी दोन-तीनच मुले असतात. काही घराण्यांत उंचीच कमी असते, तशी ही मुले निरोगीही असू शकतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले या रेषेखाली निघाली. इतकी मुले जन्मजात ठेंगणी नसतात. इथे सगळी घंटाच डावीकडे सरकली आहे. म्हणजे रेषेच्या वर राहिलेल्या पुष्कळ मुलांचीही उंची, जितकी वाढायला हवी होती तितकी वाढलेली नाही.

म्हणूनच उणे १.८७ वरच्या मुलीला 'पास' समजून सोडू नये. समजा, सहा महिन्यांनी ती ९० सेंटिमीटर भरली. दोन सेंटिमीटर वाढली म्हणून घर खूश होईल. पण साडेतीन वर्षांच्या मुलींचा मध्य ९९ आणि विचलन सुमारे ४.१ आहे, तेव्हा तिचा स्कोअर उणे २.२ झाला. ती वाढली, तरी मागे पडली. याचे कारण झेड-स्कोअर सांगत नाही. वारंवारचे जुलाब आहेत की ताटात डाळ-अंडे कमी पडते, हे घरातच शोधावे लागते आणि डॉक्टरांना दाखवावे लागते. त्यासाठी कार्डावरचा एक ठिपका पुरत नाही. मागचे दोन-तीन ठिपके जोडून रेघ कुठे चालली आहे, ते पाहावे.