रेन शॉवर घेण्याआधी प्रेशर मोजा

वरच्या मजल्यावरच्या एका फ्लॅटसाठी मोठा रेन शॉवर पसंत झाला होता. मी आधी प्रेशर मोजलं.

शॉवरचा दांडा काढून त्या अर्ध्या इंची पॉइंटला टेफ्लॉन टेप लावून गेज बसवला आणि शॉवरचा कॉक उघडला. गेज 0 ते 2.5 बारचा घ्या. 10 बारच्या गेजवर काटा जेमतेम हलतो.

काटा 0.4 बारवर थांबला. टाकीतलं पाणी 4 मीटर वर होतं, 10 मीटरला साधारण 1 बार, म्हणजे हिशेब जुळला.

मग बेसिनचा नळ पूर्ण उघडला. काटा 0.3 वर आला. वापरात मिळणारं प्रेशर हे असं कळतं. काटा धाडकन शून्याजवळ आला, तर पाइप अरुंद आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये गाळ साचलाय.

शॉवरच्या माहितीपत्रकात किमान 1 बार लिहिलं होतं. म्हणून प्रेशर पंप किंवा कमी प्रेशरवर चालणारा शॉवर, हे दोनच पर्याय उरले.