हळद गिरणीच्या सुरक्षा-चित्रफितीसाठी प्रॉम्प्ट
वसमतच्या एखाद्या हळद गिरणीतल्या कामगारांसाठी एआयकडून चित्रफीत बनवायची, तर ‘यंत्र सुरक्षितपणे साफ करा’ एवढा प्रॉम्प्ट पुरत नाही. क्रम लिहावा लागतो. आधी धुळीचा मास्क, चष्मा, घट्ट बाह्या. मग मेन स्विच बंद करून त्याला कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. आत हात असताना दुसऱ्या कुणी स्विच लावू नये म्हणून. पट्टा पूर्ण थांबल्यावर स्टार्ट बटण दाबून यंत्र खरंच बंद आहे ना ते पाहायचं, त्यानंतरच झाकण उघडायचं. फिरत्या भागाजवळ हातमोजे नकोत, हेही स्पष्ट लिहा. हातमोजा अडकला की हात ओढला जातो. प्रत्येक पायरीचं वेगळं दृश्य मागा. झाकण उघडताना पट्टा फिरताना दिसला, तर ते दृश्य टाकून द्या.